“६५ डिग्रीच तर आहे” : सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एवढं बघाच

दुकानात आठवड्यातून दोनतीनदा तरी हाच सीन होतो. कोणीतरी कार्ड घेऊन येतं, पैसे आधीच देऊन झालेले असतात, आणि मोबाईलमध्ये विकणाऱ्याने पाठवलेला व्हिडिओ दाखवतं. त्यात फरमार्क नावाची टेस्ट पाच मिनिटं चाललीय, टेंपरेचर ६५, कार्ड एकदम मक्खन. मग घरी गेम लावला की वीस मिनिटांनी फ्रेम पडतात आणि पंखे विमानासारखे ओरडतात, असं का? दरवेळी तेच समजावून सांगताना आमचा अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

चूक एकच होते. तुम्ही बघताय तो ६५ चा आकडा फक्त मधल्या मोठ्या चिपचा आहे, आणि माइनिंगमध्ये, म्हणजे कार्ड लावून इथेरियमसारखं क्रिप्टो चलन काढण्यात, झिजते ती चिप नव्हे. इथेरियम काढणारे लोक चिपची पॉवर कमी करून ठेवायचे, वीज वाचावी म्हणून, आणि मेमरी मात्र ओव्हरक्लॉक करून चोवीस तास पिळायचे, कारण त्या कामाचा सगळा भार मेमरीवरच पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग बंदच झालं आणि ही कार्डं ढिगाने बाजारात आली, तेव्हापासून हातोहात फिरतायत. तुमच्याकडे येणारं कार्ड कदाचित तिसऱ्या मालकाचं असेल आणि “मी माइनिंग केलेलं नाही” हे तो खरंच सांगत असेल, पण त्याच्या आधीच्याचं काय?

मेमरी चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेतात ते थर्मल पॅड, म्हणजे मऊ रबरासारखे चौकोनी तुकडे. वर्षभर सलग तापले की त्यातलं सिलिकॉन तेल बाहेर झिरपतं आणि पॅड कोरडा होऊन खडूसारखा भुरभुरीत होतो. उष्णता मग पुढे जातच नाही, पण मधल्या चिपवर पॅड नसतो, पेस्ट असते, त्यामुळे तिथला आकडा छान ६५ दिसत राहतो.

मागच्या महिन्यातलं एक कार्ड सांगतो. आरटीएक्स ३०८०, तीन पंख्यांचं, मुलाने चिंचवडहून येऊन दाखवलं. आम्ही न खोलता लावलं, तापमान दाखवणारा HWiNFO64 प्रोग्रॅम चालू करताना Sensors-only ला टिक केलं आणि खाली स्क्रोल करून ग्राफिक्स कार्डाच्या भागात तीन ओळी शोधल्या: मधली चिप, त्याच चिपची सगळ्यात तापलेली जागा आणि मेमरी.

```
GPU Temperature
GPU Hot Spot Temperature
GPU Memory Junction Temperature
```

कॅबिनेटचं झाकण बंद ठेवून फोरकेमध्ये एक जड गेम वीस मिनिटं चालवला. फरमार्क चिपला भाजून काढतं पण मेमरीला तेवढं राबवत नाही म्हणून गेम, नाहीतर OCCT प्रोग्रॅमची VRAM टेस्ट, म्हणजे कार्डाच्या मेमरीची टेस्ट लावायची. पहिली ओळ ६६, दुसरी ८०, तिसरी आठव्या मिनिटाला १०४ आणि पंधराव्याला ११० वर जाऊन तिथेच चिकटली. ११० ला ही मेमरी स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते, फ्रेम पडतात त्या तिथे, आणि पाच मिनिटांच्या व्हिडिओत हे कधीच दिसणार नाही. खोललं तर पॅड बोटाने चुरा होत होते आणि बोर्डाच्या कडेला तेलकट ओल. पॅड आणि पेस्ट बदलल्यावर तोच गेम, तीच वीस मिनिटं, मेमरी ८८. पहिली ओळ फक्त दोन डिग्रीने हलली.

तर स्वतः चेक करताना आमचा अंदाज असा: जड गेममध्ये मेमरी ९५ च्या आत असेल तर निवांत घ्या, शंभरीला टेकली तर पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून मागा, ११० ला चिकटली तर आधी दुरुस्त मग पैसे. दुसरी ओळ पहिलीपेक्षा १० ते १५ ने जास्त असणं नॉर्मल, २५ च्या पुढे फरक गेला तर पेस्ट सुकलीये किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या खोलीत दोनचार डिग्री जास्त धरा.

तिसरी ओळ सगळ्या कार्डांना येत नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी असलेल्या ३०७० टीआय, ३०८०, ३०९० ला येते. साध्या जीडीडीआर६ च्या ३०६० किंवा ३०७० ला येत नाही. तिथे VRAM टेस्ट अर्धा तास चालवायची, एक जरी एरर आला तरी कार्ड परत, घासाघीस नको. ३०९० ला मेमरी मागच्या बाजूलाही आहे, तिकडचे पॅड लोक विसरतात.

पंख्यांचं सोपं आहे पण घाई नको. बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात, तो बिघाड नाही (यावरून एकाने विकणाऱ्याशी भांडण केलं होतं, मग आमच्याकडे येऊन लाजला). आफ्टरबर्नर प्रोग्रॅममध्ये पंख्याचा स्लायडर हाताने ३० वर ठेवा आणि डोळ्यांनी बघा, तिन्ही फिरतायत का, कारण तीन पंखे असले तरी स्क्रीनवर बऱ्याचदा दोनच आरपीएम दिसतात. थकलेला पंखा कमी स्पीडला घरघरतो, किंवा बोट लावल्याशिवाय सुरू होत नाही. फुल स्पीडला सगळेच आवाज करतात, तिथे काही कळत नाही. मशीन बंद करून बोटाने फिरवला तर गपकन थांबू नये आणि पातं वरखाली डुगडुगू नये. पंखा बदलता येतो, फक्त त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळायला हवा, नुसतं माप जुळून चालत नाही.

आता आमची विनंती. टेस्ट करायच्या आधी घरी कार्ड खोलू नका. यूट्यूब बघून पॅड बदलून आणलेली कार्डं हल्ली जास्त येतात आणि त्यात एकच गोष्ट चुकलेली असते, पॅडची जाडी. दीड एमएमच्या जागी दोन एमएमचा कडक पॅड टाकला की हीटसिंक मधल्या चिपवर पूर्ण टेकतच नाही, मेमरी थंड होते आणि हॉट स्पॉट शंभरच्या वर उडतो. मग जुने पॅड तुम्ही कचऱ्यात टाकलेले, मूळ जाडी किती ते मोजत बसायचं आमच्या नशिबी.

लोक विचारतात, फोटोवरून सांगा ना, चेकिंगचे साडेतीनशे कशाला? फोटोवरून ब्रॅकेटचा गंज दिसेल, स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं दिसेल, बाकी काही नाही, आणि गंज तर कोकणातल्या साध्या घरातल्या कार्डालाही येतो. आम्ही कार्ड एक तास चालवतो, तिन्ही ओळींचा स्क्रीनशॉट तुमच्या व्हॉट्सॲपवर देतो, आणि पॅडचं काम आमच्याकडे केलंत तर साडेतीनशे त्यातून वजा. विकणाऱ्याला सोबत घेऊन आलात तर उत्तम, मशीनसमोरच भाव ठरतो, विकणाराही फारसं ताणत नाही.

आणि हो, आम्ही स्वतः माइनिंगची कार्डं विकतो, लपवत नाही. पॅड-पेस्ट बदलून, पंखे तपासून, बिलावर तसं लिहून देतो, तीन महिन्यांची दुकानाची वॉरंटी. टेस्टिंगसाठी दुपारी चारनंतर या, सकाळी दुरुस्तीचं काम चालू असतं, आणि येताना कार्डाची पॉवर केबल तुमची तुम्हीच आणा.