सूक्ष्मीकृत क्रिएटिन

स्नायूंच्या ताकदीसाठी पूरक आहार म्हणून घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचे नेहमीच्या चूर्णापेक्षा बारीक दळलेले रूप. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने मांसातून क्रिएटिन वेगळे केले. या शोधाचे वर्ष बहुधा १८३२ धरतात. पूरक आहारातले सूक्ष्मीकृत चूर्ण मात्र अलीकडचे आहे.

किती बारीक दळले म्हणजे ‘मायक्रोनाइज्ड’, म्हणजेच सूक्ष्मीकृत, याबाबत एकमत नाही. औषधनिर्मितीत ही संज्ञा सहसा दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आतल्या कणांना लावतात. पूरक आहाराच्या व्यापारात मेशने, म्हणजे चाळणीच्या एका इंचातल्या छिद्रांच्या संख्येने, बारीकपणा मोजतात; तिथे २०० मेशच्या, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गळणारे चूर्णही त्याच नावाने विकले जाते. साधे चूर्ण बहुधा ८० मेशचे, म्हणजे सुमारे १८० मायक्रॉनचे असते. डब्यावर मेश छापलेला असेल, तर नावापेक्षा त्यावर विसंबणे बरे.

हे चूर्ण ‘जास्त विरघळते’ असे म्हणतात, ते काटेकोरपणे खरे नाही. पाण्यात किती क्रिएटिन मावेल हे तापमान ठरवते: एका लिटरमध्ये ४° से.ला सुमारे ६ ग्रॅम, २०° से.ला १४ आणि ५०° से.ला ३४ ग्रॅम. कण मायक्रॉनच्याही खाली गेल्याशिवाय या मर्यादेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बदलतो तो वेग. घन पदार्थ विरघळण्याचा वेग त्याच्या उघड्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असतो. १८० ऐवजी ७५ मायक्रॉनचे कण घेतले, तर तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग जवळपास अडीचपट होतो. शिवाय कणाचा बुडण्याचा वेग साधारणपणे व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून बारीक कण पाच-सहापट सावकाश खाली बसतात. पेला ढवळल्यावर जे विरघळल्यासारखे वाटते, त्यातला काही भाग नुसता तरंगत असतो.

पेल्याच्या तळाशी गाळ का उरतो, हे कोडे यातूनच सुटते. २०° से.च्या २५० मिलि. पाण्यात ५ ग्रॅम क्रिएटिन घातले, तर जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळते. उरलेले दीड ग्रॅम कितीही ढवळले तरी तळाशी येणारच, चूर्ण सूक्ष्म असो वा साधे. फ्रीजमधले पाणी असेल, तर विरघळते फक्त दीड ग्रॅम. ४०० मिलि. पाणी घेतले, तर पाचही ग्रॅम काठोकाठ मावतात. तेवढे पाणी प्यायचे नसेल, तर २५० मिलि. पाणी चांगले कोमट करावे. ते मिश्रण पुढे थंड करत ठेवले, तर मावेनासे झालेले क्रिएटिन पुन्हा स्फटिकरूपाने बाहेर पडते आणि हे स्फटिक दळलेल्या कणांपेक्षा भरड असू शकतात. म्हणून ते कोमट असतानाच प्यावे.

तळाचा गाळ क्रिएटिनच असतो. तो फेकला तर मात्रा तेवढी कमी पडते. पेल्यात थोडे पाणी घालून, हलवून तो पिऊन टाकता येतो. लिंबूपाण्यासारख्या आम्ल पेयात मिश्रण दिवसचे दिवस ठेवू नये, कारण त्यात क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन हे निरुपयोगी संयुग होते. ताजे करून लगेच प्यायल्यास ही घट नगण्य असते.