कर्नेल घनता आकलन आणि बँडविड्थची निवड

मोजलेल्या आकड्यांवरून त्यांच्या वितरणाचा सलग वक्र काढण्याची सांख्यिकी पद्धत. मरे रोझेनब्लाट (१९५६) आणि इमॅन्युएल पार्झेन (१९६२) यांच्या शोधनिबंधांमुळे ती रूढ झाली. वितरण घंटाकृती आहे की आणखी कसे, हे आधी गृहीत धरावे लागत नाही. प्रत्येक निरीक्षणाच्या जागी एक छोटी, सममित टेकडी ठेवायची आणि सगळ्या टेकड्यांची उंची मिळवून सरासरी काढायची, एवढीच मूळ कृती आहे. टेकडीच्या आकाराला कर्नेल म्हणतात आणि तिच्या पसाऱ्याला बँडविड्थ, म्हणजे सूत्रातला h:

f̂(x) = (1/nh) Σ K((x − xᵢ)/h)

कर्नेल कोणता घेतला याने वक्रात फारसा फरक पडत नाही. h ने मात्र सगळे चित्र पालटते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातील ‘ओल्ड फेथफुल’ या उष्णोदकाच्या फवाऱ्यावर हे चांगले पाहता येते. R या संगणकभाषेसोबत येणाऱ्या `faithful` या संचात त्याच्या २७२ उद्रेकांचा कालावधी मिनिटांत दिला आहे. उद्रेक साधारण दोन प्रकारचे असतात: दोन मिनिटांच्या आसपासचे आखूड आणि सव्वाचार मिनिटांच्या आसपासचे लांब.

```r
x <- faithful$eruptions
plot(density(x, bw = "SJ"))
lines(density(x), lty = 2)
lines(density(x, bw = 0.02), col = "grey")
```

h एक मिनिट घेतला, तर आखूड आणि लांब उद्रेकांमधली दरी बुजून एकच पसरट उंचवटा उरतो. फवाऱ्याची सर्वांत ठळक गोष्टच नाहीशी होते. उलट h ०.०२ मिनिट, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास घेतला, की वक्रावर काटेच काटे उभे राहतात. त्यातले बरेच पाच सेकंदांच्या पटीवर येतात, कारण वेळ नोंदताना माणसांनी तो पाचाच्या पटीत पूर्ण करून लिहिला. वक्र इथे निरीक्षकांची सवय दाखवतो आहे. काटे ठरावीक समान अंतराने येत असतील, तर मोजणीतल्या पूर्णांकनाचा संशय आधी घ्यावा.

या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचे? R काहीच न सांगता जो h घेते, तो बर्नार्ड सिल्व्हरमन यांच्या ढोबळ नियमाने येतो: ०.९ × s × n^(−१/५). इथे s म्हणजे प्रमाण विचलन किंवा आंतरचतुर्थक अंतर भागिले १.३४, यांतला लहान आकडा. या संचात प्रमाण विचलन १.१४ मिनिट लहान ठरते आणि h ०.३३५ येतो. पण हे १.१४ मोठे आहे ते मुख्यतः दोन गट एकमेकांपासून दूर असल्यामुळे. आखूड गटाचा स्वतःचा पसारा जेमतेम पाव मिनिट आहे. त्यावर त्याहून रुंद टेकड्या ठेवल्यावर त्याचे शिखर खचणारच. या h ने आखूड गटाचे शिखर सुमारे ०.३४ आणि लांब गटाचे सुमारे ०.४८ उंचीचे दिसते. शीदर आणि जोन्स यांची १९९१ ची पद्धत वक्राचा बाक आकड्यांवरूनच अजमावते आणि h ०.१४ सुचवते. त्याने दोन्ही शिखरे उंचीने बरीच जवळ येतात. हे ०.१४ मिनिट सुमारे साडेआठ सेकंद होते, त्यामुळे पाच सेकंदांचे काटेही विरून जातात. दोन गट असण्याची थोडीही शंका असेल, तर ढोबळ नियमाचा वक्र एकटा पाहून निष्कर्ष काढू नये.

या ओढाताणीमागचे गणित असे. वक्र शिखरावर खचतो आणि दरीत भरतो, ही चूक h² च्या प्रमाणात वाढते. नमुना बदलल्यावर वक्र जो हलतो, त्याचे विचरण १/(nh) च्या प्रमाणात असते. पहिल्या चुकीचा वर्ग आणि हे विचरण यांची बेरीज कमीत कमी करणारा h, n^(−१/५) च्या गतीने घटतो. ही गती फार मंद आहे. या हिशोबात h निम्मा करण्यासाठी ३२ पट निरीक्षणे लागतात. इथे २७२ ऐवजी ८,७०४.

शिवाय एकच h सगळीकडे योग्य नसतो. आखूड गट दाट आणि अरुंद, लांब गट पसरट. पहिल्याला साजेसा h दुसऱ्यावर थोडी लहर ठेवतो. त्यासाठी विरळ भागात टेकड्या रुंद करणाऱ्या परिवर्ती पद्धती आहेत. दुसरी अडचण काठाची. कालावधी ऋण असू शकत नाही, पण h एक मिनिट घेतल्यास वक्राखालचे सुमारे एक टक्का क्षेत्र शून्याच्या डावीकडे सांडते. निरीक्षणे शून्याला चिकटून असतील, उदाहरणार्थ पावसाचे किंवा उत्पन्नाचे आकडे, तर ही गळती खूप वाढते आणि काठाजवळची घनता खोटी कमी दिसते. तिथे लॉगरिदम घेऊन आकलन करून मग मूळ मापावर परतता येते, पण त्यासाठी एकही आकडा शून्य असून चालत नाही. शून्ये असतील, तर काठापलीकडे गेलेला भाग आरशासारखा परत आत दुमडतात.