उसळी-मापन (दूरचित्रवाणी जाहिरातींचे)

दूरचित्रवाणीवर जाहिरात लागल्यानंतरच्या काही मिनिटांत जाहिरातदाराच्या संकेतस्थळावरील भेटी आणि त्याच्या क्रमांकावर येणारे फोन नेहमीच्या पातळीपेक्षा किती वाढले, ते मोजून त्या जाहिरातीचा तात्काळ परिणाम ठरवण्याची पद्धत. मोजणीची खिडकी बहुधा पाच ते दहा मिनिटांची धरतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः गोव्यासारख्या लहान बाजारपेठेत ही पद्धत कशी चालते यासंबंधी आहे, कारण मोठ्या बाजारपेठेसाठी घडवलेले तिचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत तिला टपालाने माल विकणाऱ्यांच्या परंपरेत बसवते. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीत पत्त्याला वेगळी खूण जोडायची आणि कोणत्या खुणेची किती पत्रे आली ते मोजायचे, ही रीत दूरचित्रवाणीच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेत १९६७ साली ८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांक आले आणि प्रत्येक वाहिनीला वेगळा क्रमांक देऊन हीच रीत पडद्यावर नेता आली. दुसरे मत उगम संकेतस्थळांच्या सर्व्हर-नोंदींत पाहते, कारण भेटीची सेकंदापर्यंतची वेळ तिथे आपोआप लिहिली जाते. दोन्हींत तथ्य असले तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वेगळा क्रमांक ‘कोणत्या जाहिरातीने’ याचे उत्तर देतो; पण ‘जाहिरात लागली नसती तर किती भेटी आल्या असत्या’ हा या पद्धतीचा गाभ्याचा प्रश्न मिनिटवार नोंद असल्याखेरीज विचारताच येत नाही. अशा मिनिटवार वजाबाकीचे जुने उदाहरण जाहिरातीच्या बाहेरचे आहे. ब्रिटनमध्ये लोकप्रिय कार्यक्रम संपताच घरोघर किटल्या लागतात आणि विजेची मागणी उसळते. ४ जुलै १९९० च्या विश्वचषक उपांत्य सामन्यानंतरची सुमारे २,८०० मेगावॉटची उसळी प्रसिद्ध आहे.

संशोधनातून दोन निष्कर्ष विशेष महत्त्वाचे ठरले. लुईस आणि रायली यांनी २०११ च्या सुपर बोल सामन्यातल्या जाहिराती तपासल्या, तेव्हा जाहिरात संपल्यापासून पंधरा सेकंदांतच त्या नाममुद्रेचे इंटरनेटवरचे शोध वाढलेले दिसले. लियौकोनीटे, टिशेरा व विल्बर यांनी २०१५ साली वीस नाममुद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आत्ताच करा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींनी थेट भेटी आणि विक्री दोन्ही वाढवली. माहितीवर किंवा भावनेवर भर देणाऱ्या जाहिरातींनी मात्र भेटी घटवल्या आणि खरेदी वाढवली. म्हणजे उसळी लहान दिसली म्हणून जाहिरात वाया गेली असे म्हणता येत नाही. व्यवहारात हा दुसरा निष्कर्ष सर्रास विसरला जातो आणि त्यापायी चांगल्या जाहिराती बंद पडतात.

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १४.५८ लाख. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कच्या अहवालांत गोवा महाराष्ट्राला जोडून एकच बाजारपेठ म्हणून येतो. त्यामुळे केवळ गोव्यात दिसणाऱ्या केबल वाहिनीवर जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला स्वतःच्या फोनची आणि संकेतस्थळाची नोंद हाच मुख्य आधार उरतो, आणि या नोंदीतले आकडे फार लहान असतात.

उदाहरणादाखल फोंड्यातले एक फर्निचरचे दुकान घेऊ. चतुर्थीपूर्वीच्या पंधरा दिवसांत संध्याकाळच्या मराठी बातमीपत्रात आणि त्याच्या रात्रीच्या पुनःप्रसारणात मिळून वीस सेकंदांची जाहिरात तीस वेळा लागते. त्या वेळांना संकेतस्थळावर मिनिटाला सरासरी १.२ भेटी असतात, म्हणजे पाच मिनिटांत सहा. पण हा आकडा निव्वळ योगायोगाने कधी तीन, कधी नऊ-दहा होतो. विरळ घटनांच्या मोजणीत असा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. सहाचे वर्गमूळ सुमारे अडीच. जाहिरातीमुळे खरोखर तीन भेटी वाढल्या, तरी नऊ हा आकडा पाहून त्याचे श्रेय जाहिरातीला द्यायचे की योगायोगाला, हे कळत नाही. आठ वाजता आलेख वर गेला म्हणून आठची जाहिरात चांगली आणि दहाला गेला नाही म्हणून दहाची वाईट, हा निवाडा गोव्याच्या आकड्यांवर टिकत नाही.

यावर उपाय थर लावण्याचा. तिसांपैकी प्रत्येक प्रसारणाचा क्षण शून्य मिनिट धरायचा आणि तिसांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून बेरीज करायची. आता पाच मिनिटांच्या खिडकीत अपेक्षित भेटी १८० होतात आणि मोजलेल्या २७० निघतात. ९० ची वाढ दिसते. १८० चे वर्गमूळ साडेतेरा. नेहमीची पातळी प्रसारणाआधीच्या पंधरा-पंधरा मिनिटांवरून काढलेली असल्याने तिच्यातली अनिश्चितताही धरावी लागते, तेव्हा एकूण चूक सुमारे साडेपंधरा होते. वाढ तिच्या जवळजवळ सहापट आहे, म्हणजे ती योगायोगाची नव्हे. मिनिटवार पाहिल्यास शून्याव्या मिनिटात १४, पुढे ३१, २२, १४ आणि ९ अशी विभागणी येते. झपकन चढून हळू उतरणारा असा आकार हीच खऱ्या उसळीची खूण.

वजाबाकीत एक खोट राहते. संध्याकाळी घरी परतलेली मंडळी फोन हातात घेतात तसतशा भेटी एरवीही वाढत जातात, त्यामुळे आधीच्या पंधरा मिनिटांवरून काढलेली पातळी किंचित कमी येते. ती पडताळण्यासाठी जाहिरात सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यातल्या त्याच घड्याळी वेळा घेऊन, जणू तेव्हाही जाहिरात लागली होती असे समजून, तेच गणित करतात. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवे. आपल्या उदाहरणात तिथे १३५ अपेक्षित आणि १४४ प्रत्यक्ष निघतात, म्हणजे नऊची खोटी वाढ. जाहिरातीच्या पंधरवड्यात नेहमीची पातळीच १३५ वरून १८० झाल्याने ही खोटी वाढ थोडी अधिक धरून ९० ऐवजी सुमारे ८० भेटी जाहिरातीच्या मानणे सावधपणाचे. ही तपासणी जिथे केलेली नाही, तिथला उसळीचा दावा स्वीकारू नये.

सर्वाधिक गोंधळ घड्याळांचा होतो. वाहिनीकडून येणाऱ्या टेलिकास्ट सर्टिफिकेटवर ८.१४ लिहिलेले असते. बातमीपत्र लांबल्यामुळे ब्रेक प्रत्यक्षात ८.१६ वाजून ४० सेकंदांनी सुरू झालेला असतो. अशी दोन-तीन मिनिटांची तफावत दर दिवशी वेगळी असली की थर लावताना शिखरे एकमेकांवर बसत नाहीत, उसळी पसरते आणि जाहिरात निष्फळ वाटते. सर्टिफिकेटवरची वेळ प्रत्यक्षाच्या मागाहूनची असेल तर नुकसान दुहेरी होते: उसळीच्या भेटी ‘आधीच्या’ पंधरा मिनिटांत जमा होतात आणि नेहमीची पातळी फुगते. शून्य मिनिटाआधीच चढ दिसला तर घड्याळ चुकले असे समजावे, कारण न पाहिलेल्या जाहिरातीला कोणी प्रतिसाद देत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे एका घरी केबलवर बातमीपत्र लावून, शेजारी फोनचे घड्याळ सेकंदांसह दिसेल असे ठेवून ब्रेकचे चित्रण करणे. सर्व्हरची नोंद अशी दिसते:

```
203.0.113.25 - - [04/Sep/2024:20:17:06 +0530] "GET / HTTP/1.1" 200 5120 "-" "Mozilla/5.0"
```

यात `+0530` म्हणजे भारतीय वेळ. तिथे `+0000` असेल तर हीच भेट 14:47:06 अशी दिसेल आणि रात्रीची उसळी दुपारी शोधली जाईल. `"-"` म्हणजे ती व्यक्ती दुसऱ्या पानावरच्या दुव्यावरून आल्याची नोंद नाही. पत्ता थेट टाइप करणारे अशांतच सापडतात. यांच्या जोडीला दुकानाचे नाव शोधून आलेले तेवढे धरावेत, इतर वगळावेत.

भेटी गोव्यातल्याच आहेत का, हे पाहून बाकीच्या गाळण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. दूरसंचार परिमंडळात गोवा महाराष्ट्राबरोबर आहे आणि मोबाईलवरून आलेल्या डिचोलीच्या माणसाचे ठिकाण आयपी पत्त्यावरून पुणे किंवा मुंबई दाखवले जाऊ शकते. ‘फक्त गोवा’ ही चाळणी लावली की खरे प्रेक्षकच गळतात. स्थानिक वाहिनी त्याच वेळी यूट्यूबवरही थेट चालत असेल, तर तिथली जाहिरात केबलपेक्षा काही सेकंद ते अर्धा मिनिट उशिरा दिसते. पाच मिनिटांच्या खिडकीत हा उशीर खपून जातो, पंधरा सेकंदांच्या मोजणीत नाही.

फोनच्या मोजणीचा दोष वेगळा. दुकानात ०८३२ ची एकच लाईन असेल आणि प्रत्येक बोलणे तीन मिनिटे चालत असेल, तर पाच मिनिटांत जेमतेम दोन फोन उचलले जातात, मग जाहिरातीने दोन लोक आणले असोत की नऊ. बाकीच्यांना एंगेज टोन मिळतो; काही पुन्हा लावतात, काही सोडून देतात. सगळ्या जाहिरातींनंतर सारखेच दोन-दोन फोन येऊन पुढची दहा-पंधरा मिनिटे लाईन गजबजलेली राहिली, तर आकडा लाईनच्या क्षमतेला अडला आहे असे ओळखावे. उचललेले, न उचललेले आणि एंगेज मिळालेले असे सारे प्रयत्न नोंदवणारा आभासी क्रमांक घेतल्यास हे टळते. एकाच क्रमांकावरून पुन्हा पुन्हा आलेले फोन एकदाच मोजावेत. मिस्ड कॉल हाही पूर्ण प्रतिसाद आहे. दुपारच्या जाहिरातींचे फोन वेगळे काढावे लागतात: गोव्यात अनेक दुकाने साधारण एक ते साडेतीन-चार बंद असतात, तेव्हाचा फोन कोणी उचलत नाही आणि दुकान उघडल्यावर येणारी लाट पाच मिनिटांच्या खिडकीबाहेर पडते. पडद्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवणारे तर दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

साखळी गावातल्या एखाद्या कुटुंबाने बुधवारी जाहिरात पाहिली आणि रविवारी थेट फोंड्याच्या दुकानात जाऊन कपाट घेतले, तर कोणत्याच नोंदीत त्याचा माग राहत नाही. म्हणून उसळीचा आकडा परिणामाची खालची मर्यादा मानतात. एका भागात जाहिरात देऊन दुसऱ्यात न देण्याचा, मोठ्या देशांत वापरला जाणारा मार्ग येथे अवघड आहे, कारण स्थानिक केबल वाहिनी उत्तर आणि दक्षिण गोव्यात एकाच वेळी दिसते. त्याऐवजी काही आठवडे जाहिरात थांबवून पाहणे आणि गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याविषयी कुठे पाहिलंत?’ असे विचारून वहीत टिपणे, हे दोन मार्ग उरतात.