मेल तपासायला पाठवताय? आधी ते दोन ठिपके बघा

आमच्याकडे जर्मन मेल आणि पत्रं तपासायला देणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण तोच फोन आम्हाला आठवड्यातून तीन-चारदा करावा लागतो आणि तुमचंही काम तेवढं लांबतं.

विषय आहे कॉन्युंक्टिव्ह त्स्वाय, म्हणजे विनंती किंवा इच्छा सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप. बी वनपर्यंत पोचलेल्यांना हे रूप माहीत असतंच. बेकरीत "इश् विल दोन पाव" म्हटलं तर हट्ट केल्यासारखं वाटतं, "इश् हेटं गेर्न" म्हटलं की नीट, हे पहिल्या महिन्यातच कळतं. बोलताना बहुतेक सगळे बरोबर बोलतात. घोळ होतो तो टाइप करताना.

परवाचंच उदाहरण घ्या. एका ताईंनी तिकडच्या ऑफिसला मेल लिहिला होता, सोमवारी अपॉइंटमेंट हवीय आणि कुठली कागदपत्रं आणू ते सांगाल का. त्यांनी टाइप केलं hatte, konnten आणि शेवटी wurde. हवं होतं hätte, könnten, würde. ठिपके गेले आणि तिन्ही क्रियापदं भूतकाळात गेली. त्यामुळे मेलचा अर्थ साधारण असा झाला की सोमवारी माझी आवडीने अपॉइंटमेंट होती, तुम्ही मला सांगू शकलात का. वाचणारा जर्मन माणूस अंदाजाने समजून घेईलही, पण विनंती मात्र त्यात उरली नाही.

आता ही चूक आपल्याकडे इतकी का होते, तर माझ्या मते अर्धा दोष कीबोर्डचा आणि अर्धा मराठीचा. आपण नम्रपणे बोलताना म्हणतो ना, "मला अपॉइंटमेंट हवी होती", "जरा विचारायचं होतं". भूतकाळ वापरला की आपल्या कानाला ते सौम्य लागतं, म्हणून hatte लिहिलेलं डोळ्याला खटकतच नाही. जर्मनमध्येही "इश् वॉल्टं फ्रागन", म्हणजे विचारायचं होतं, असं नम्रपणे म्हणतात, ते चालतं, पण hatte gern ने ते काम होत नाही. आणि हे वाचून सगळीकडेच ठिपके देत सुटू नका, वॉल्टं आणि झॉल्टं या दोघांना ठिपके कधीच नसतात.

"मग तुम्हीच ठिपके घालून टाका ना, फोन कशाला करता?" असं बरेच जण विचारतात. अहो, "सोमवारी माझी अपॉइंटमेंट होती" हेही अगदी बरोबर वाक्य आहे आणि त्यात hatte च लागतं. तुमची अपॉइंटमेंट हुकलीय की तुम्हाला नवी हवीय हे आम्ही मनाने ठरवलं आणि चुकलो तर तिकडे तुमची तारीख जाईल. म्हणून विचारल्याशिवाय आम्ही क्रियापदाला हात लावत नाही, मग कुणी आम्हाला सावकाश म्हणो.

इच्छेच्या वाक्यात मात्र मराठी मदतीला येते. "वेळ असता तर आलो असतो" यात आपण दोन्हीकडे वेगळं रूप वापरतो, जर्मनही तसंच, "वेन इश् त्साइट हेटं, व्युर्डं इश् कॉमन". फरक एवढाच की आपलं हे एकच वाक्य आजलाही चालतं आणि कालच्या कार्यक्रमालाही. जर्मनमध्ये कालची गोष्ट असेल तर "त्साइट गेहाब्ट हेटं" आणि "वेरं इश् गेकॉमन" असं बदलावं लागतं. कुणाचं लग्न चुकलं म्हणून दिलगिरीचं पत्र लिहिताना हे सगळ्यात जास्त अडतं, कारण पहिलं रूप वापरलं तर लग्न अजून व्हायचंय आणि तुम्ही येणार नाही असं वाटतं. नुसती हळहळ असेल, पुढचं वाक्यच नसेल, तर मध्ये "डॉख" किंवा "नूर" टाका, "वेन इश् डॉख त्साइट हेटं!", नाहीतर वाचणारा पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत बसतो.

टाइप करायचं म्हणाल तर मोबाइलवर a दाबून धरा, ä वर येतं, o आणि u चंही तसंच. विंडोजवर Alt दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर 0228 म्हणजे ä, 0246 म्हणजे ö, 0252 म्हणजे ü. काहीच जमेना तर haette असं e जोडून लिहा, जर्मन लोकांना ते वाचता येतं आणि आम्हालाही तुमच्या मनात काय होतं ते कळतं.

ठिपके लावून आलेला एक पानी मेल आम्ही बहुतेक त्याच दिवशी परत देतो, पत्र जर्मनीतल्या घरमालकाला असो की कॉलेजला. आणि खरंच शंका असेल तर मेलच्या वर मराठीत एक ओळ लिहा, "अपॉइंटमेंट हवीय" किंवा "अपॉइंटमेंट होती", त्या ओळीचे आम्ही पैसे लावत नाही.