बिलाच्या तारखेपासून पैसे येईपर्यंत दर पडला, तर परदेशी क्लायंटकडून फरक कसा मागायचा

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ माझं छोटं ऑफिस आहे. परदेशी क्लायंटसाठी काम करणाऱ्या आसपासच्या लहान फर्मची बिलं, बँकेचे कागद आणि जीएसटी मी बघतो. वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं: बिल केलं तेव्हा डॉलरचा दर वेगळा होता, पैसे आले तेव्हा वेगळा, मधले पैसे बुडाले, ते क्लायंटकडून मिळतील का? मिळतात. पण अट आधी ठरलेली हवी, आणि मागायचं तेवढंच मागायला हवं.

पहिली गोष्ट, तोटा खरंच झाला आहे का हे बघा. डॉलरमध्ये बिल केलं आणि रुपया घसरला तर तुम्हाला जास्त रुपये मिळतात. तोटा होतो तो रुपया वधारला तर. २०२५मध्ये हेच झालं. फेब्रुवारीत डॉलर ८८ रुपयांच्या जवळ गेला होता आणि मेच्या सुरुवातीला ८४च्या आसपास आला. ज्यांची फेब्रुवारीची बिलं रखडली त्यांना तो फरक चांगलाच जाणवला.

दुसरी गोष्ट, हक्क. करारात किंवा क्लायंटने मान्य केलेल्या कोटेशनमध्ये दराच्या फरकाची अट असेल तरच दावा करता येतो. क्लायंटने ईमेलवर ‘मान्य’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर तेही चालतं. पण बिलाच्या तळाशी आपणच बारीक अक्षरांत छापलेली ओळ पुरत नाही, कारण बिल सौदा ठरल्यानंतर जातं आणि ती ओळ समोरच्याने कधी मान्य केलेली नसते. अट नसेल तर या वेळचा दावा सोडा, आणि पुढच्या कामाच्या करारात ती घालून घ्या.

ती अट कशी असावी हे एका खऱ्या दाव्यावरून सांगतो. आकडे फक्त हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. ऐरोलीतलं एक जोडपं अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज करतं. १९ फेब्रुवारी २०२५ला त्यांनी १०,००० डॉलरचं बिल पाठवलं. मुदत तीस दिवसांची, म्हणजे २१ मार्चपर्यंत. पैसे आले ५ मेला, पंच्याहत्तराव्या दिवशी.

त्यांच्या करारात अट अशी होती: बिलाच्या दिवसाचा एफबीआयएलचा रेफरन्स रेट हा मूळ दर. भारतातल्या बँकेत रक्कम जमा होईल त्या दिवसाचा रेफरन्स रेट हा दुसरा दर. एक टक्क्यापर्यंतचा फरक ज्याचा त्याने सोसायचा. त्यापुढचा तोटा क्लायंट भरून देईल आणि त्यापुढचा फायदा क्लायंटला परत मिळेल. दावा पैसे जमा झाल्यापासून पंधरा दिवसांत.

यातला शब्दन् शब्द कामाचा आहे. एफबीआयएल ही संस्था २०१८पासून डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे रुपयातले दर कामाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. तुमची बँक तुम्हाला देते तो दर हा नव्हे. बँकेच्या दरात तिचं मार्जिन असतं आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं लागतं. क्लायंट म्हणतो, तुमच्या बँकेने कमी दर दिला यात माझा काय दोष? त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून दोन्ही बाजूंना उघडून बघता येईल असा जाहीर दर अटीत लिहायचा.

सुट्टीचं वाक्य मात्र त्यात नव्हतं, आणि तिथेच गाडी अडली. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, त्या दिवशी परकीय चलनाचा बाजार बंद आणि दर जाहीर होत नाही. अमेरिकेतल्या हिशेबनीसाने विचारलं, बुधवारी दर का नाही? आम्ही सुट्टीची यादी पाठवली आणि आदल्या कामाच्या दिवसाचा, १८ तारखेचा दर धरायचं ईमेलवर ठरवून घेतलं. तुमच्या अटीत ‘त्या दिवशी दर नसेल तर आधीच्या कामाच्या दिवसाचा’ हे आत्ताच लिहून टाका. महाराष्ट्र दिनालाही हाच घोळ होतो.

दोन्ही बाजूंनी लागू होणारी अट लोकांना नको असते. फायदा झाला तर परत का द्यायचा, असं वाटतं. माझ्या अनुभवात एकतर्फी अट क्लायंटचा वकील खोडून टाकतो आणि दुतर्फी टिकते. ज्याला फायदा सोडायचा नाही त्याने तोटा मागू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता हिशेब. मूळ दर ८७.००, पैसे आले त्या दिवसाचा दर ८४.५०. जोडप्याने धरलं होतं की ८,७०,००० रुपये येतील. खात्यात आले ८,३८,८९७ रुपये ५० पैसे. म्हणजे ३१,१०२ रुपये ५० पैसे कमी. हे सगळेच क्लायंटकडून मागायचे, असं ठरवून ते माझ्याकडे आले होते.

मी बँकेचा फॉरेन इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस टेबलावर ठेवला आणि त्यातल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. पाठवलेली रक्कम १०,००० डॉलर, पण जमा ९,९७५. मधल्या बँकेने २५ डॉलर कापले होते. दुसरी ओळ दराची: ८४.१०. त्या दिवशीचा रेफरन्स रेट ८४.५०, म्हणजे डॉलरमागे ४० पैसे बँकेने ठेवले. बुडालेल्या रकमेचे तीन वाटे असे पडले: दर पडल्याचे २५,००० रुपये, बँकेच्या मार्जिनचे ३,९९० आणि मधल्या कपातीचे २,११२ रुपये ५० पैसे. दराच्या अटीखाली फक्त पहिला वाटा येतो. मार्जिन हे आपलं आणि आपल्या बँकेचं प्रकरण, तिथे बँकेशी घासाघीस करायची. कपातीसाठी ‘बँकेचे सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ अशी वेगळी अट लागते, आणि यांच्या करारात ती नव्हती.

पहिल्या वाट्यातूनही एक टक्का आपला. ८७चा एक टक्का ८७ पैसे, म्हणून क्लायंटची जबाबदारी ८६.१३च्या खाली सुरू होते. ८६.१३ वजा ८४.५० म्हणजे डॉलरमागे १.६३ रुपये, दहा हजारांवर १६,३०० रुपये. दावा डॉलरमध्ये करायचा असतो, आणि भागायचं ते पैसे आले त्या दिवसाच्या दराने:

```
१०,००० × (८६.१३ − ८४.५०) ÷ ८४.५० = १९२.९० डॉलर
```

बरेच जण ८७ने भागतात. मग उत्तर १८७.३६ येतं आणि तेवढे डॉलर आजच्या दराने वटवले की १६,३०० रुपये भरत नाहीत. चूक पाच-साडेपाच डॉलरची आहे, पण पुढे दर वर्षी प्रत्येक बिलाला तीच होत राहते.

एक खबरदारी तारखेची. रक्कम बँकेत पोचली, पण तुम्ही पैसे कशासाठी आले ते सांगणारा परपज कोड किंवा बँकेने मागितलेला कागद दिला नाही म्हणून ती चार दिवस पडून राहिली, तर त्या चार दिवसांतली घसरण तुमची. म्हणून अटीत ‘खात्यात’ न लिहिता ‘भारतातल्या बँकेत जमा’ असं लिहिलं होतं. त्याचप्रमाणे पैसे ईईएफसी या परकीय चलनाच्या खात्यात डॉलरमध्येच ठेवले, तर रुपयात बदल झालेलाच नसतो. अटीनुसार रेफरन्स रेटवर दावा करता येतो, पण क्लायंटला ते सांगून करा. आणि बँकेकडे त्याच बिलासाठी फॉरवर्ड करून दर आधीच बांधून घेतला असेल, तर तोटा झालेलाच नाही, दावा करू नका.

दाव्यासोबत चार कागद जातात. करारातलं अटीचं सही केलेलं पान, मूळ बिल, बँकेचा अ‍ॅडव्हाइस आणि दोन्ही दिवसांच्या दरांची एफबीआयएलच्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रत. वर एक पानाचं पत्र, ज्यात बिल क्रमांक, दोन तारखा, दोन दर आणि वरचा हिशेब असतो. उशीर का झाला, त्याने आपली किती अडचण झाली, हे या पत्रात नको. ते वाचणारा माणूस फक्त आकडे जुळवत असतो. पत्र क्लायंटच्या अकाउंट्स विभागाला आणि प्रत करारावर सही करणाऱ्याला. मोठ्या कंपन्यांत पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नसेल तर शंभर डॉलरही निघत नाहीत, त्यामुळे दावा पाठवण्याआधीच ऑर्डरमध्ये ही रक्कम कशी घालायची ते विचारून घ्या.

पत्राबरोबर डेबिट नोट लागते. मूळ बिल बदलायचं नाही. आम्ही ही रक्कम त्याच सेवेचा वाढीव मोबदला धरतो आणि मूळ बिलाचा क्रमांक व तारीख घालून जीएसटी कायद्याच्या कलम ३४खाली डेबिट नोट काढतो, मग ती जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवतो. सेवा निर्यात असल्याने एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, असेल तर कर भरावा लागत नाही. इथे एक खाच आहे: एलयूटी आर्थिक वर्षापुरतीच असते. या जोडप्याचं बिल फेब्रुवारीतलं आणि डेबिट नोट मेमधली, म्हणजे मधे ३१ मार्च गेला. त्यांनी नव्या वर्षाची एलयूटी भरलेलीच नव्हती. एलयूटीचा आरएफडी-११ हा फॉर्म पोर्टलवर भरून घेतला आणि मगच नोट काढली. तुमच्या सीएला नोट काढण्यापूर्वी एवढं दाखवून घ्या.

क्लायंट फुकटच्या करन्सी कन्व्हर्टरवरचा दर काढून वाद घालतो, हे जवळपास ठरलेलं. इथेही त्यांनी ८४.६२ काढला. आम्ही अटीच्या पानावर दराचं नाव अधोरेखित करून परत पाठवलं, बाकी काही लिहिलं नाही. आठ दिवसांत मंजुरी आली.

पैसे आले तेव्हा १९२.९०पैकी १६७.९०च जमा झाले, मधल्या बँकेने पुन्हा २५ डॉलर कापले. आता त्यांच्या नव्या करारात दोन वाक्यं वाढली आहेत. बँकेचे शुल्क पाठवणाऱ्याकडे, आणि ५०० डॉलरपेक्षा कमी दावा वेगळा न पाठवता पुढच्या बिलाच्या पैशांबरोबर, डेबिट नोटचा क्रमांक लिहून.