मनुष्यबळ नियोजन (विभागस्तरीय)

मनुष्यबळ नियोजन : येत्या वर्षात विभागाकडे किती काम येईल, ते उरकायला किती माणसे लागतील आणि आजच्यांपैकी किती टिकतील, याचा आधीच अंदाज बांधून भरतीचे वेळापत्रक ठरविण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद काम वाढत असलेल्या विभागापुरती आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. कामाच्या मोजमापाला महत्त्व देणारे अभ्यासक तिचे मूळ फ्रेडरिक टेलर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वेळ-अभ्यासात पाहतात. इतर काहीजण डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांचा दाखला देतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना त्यांनी १९१७ मध्ये कॉल किती खोळंबतील याची सूत्रे मांडली आणि पुढे कॉल सेंटरमधील माणसांची संख्या त्यांवरून काढली जाऊ लागली. मात्र या दोन्ही मतांत फक्त कामाची बाजू येते. माणसे सोडून जातात, ही गोष्ट त्यांत धरलेली नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील संशोधनापासून सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी १९५० मध्ये ग्लेशिअर मेटल कंपनीच्या अभ्यासातून दाखविले की, नोकरी सोडण्याचे प्रमाण सुरुवातीच्या काळात सर्वाधिक असते आणि जम बसल्यावर ते बरेच उतरते.

भारतात १९६२ मध्ये दिल्लीत उपयोजित मनुष्यबळ संशोधनाची संस्था निघाली आणि १९६४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयांतील पदसंख्या तपासणारे पथक नेमले. महाराष्ट्र शासनात मंजूर पदांच्या आराखड्याला ‘आकृतिबंध’ म्हणतात.

गणिताची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. विम्याचे दावे तपासणाऱ्या एका विभागात ३० माणसे आहेत. पुढील वर्षी ७८,००० दावे अपेक्षित असून एका दाव्याला सरासरी ४० मिनिटे लागतात, म्हणजे एकूण ५२,००० तासांचे काम आहे. पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे २६१ कामाचे दिवस होतात. त्यांतून सणांच्या सुट्ट्या, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता साधारण २१५ दिवस उरतात. जेवण, बैठका आणि इतर किरकोळ कामे सोडून दिवसाचे साडेसहा तास धरले, तर एका माणसाचे सुमारे १,४०० तास हाती येतात. त्यावरून ३८ माणसे लागतील, असे उत्तर निघते. साडेसहाऐवजी पूर्ण आठ तास आणि २६१ दिवस धरले, तर हाच आकडा २५ येतो. मागणीपत्रात असा आकडा दिसला, तर रजा आणि मोडणारा वेळ धरलेला नाही हे ओळखावे.

३८ ही वर्षाची सरासरी आहे. वाढत्या विभागात ती फसवते. एप्रिलमध्ये ५,५०० दावे येऊन ते चढत मार्चमध्ये ७,५०० झाले, तर एप्रिलला ३२ माणसे पुरतात, पण मार्चला ४३ लागतात. त्यामुळे नियोजन महिनावार करावे लागते.

गळतीचा हिशेब याहून नाजूक आहे. गेल्या वर्षीची गळती १५ टक्के होती म्हणून तोच दर वर्षभरातील सरासरी ३६–३७ माणसांना लावला, तर सहाजण जातील; वाढीव १३ धरून १९ जणांची भरती पुरेशी वाटते. परंतु वर्षाहून जुन्या माणसांत गळती १२ टक्के आणि नवागतांपैकी चौथा हिस्सा मार्चपूर्वी सोडणारा असेल, तर चित्र पालटते. जुन्या ३० पैकी चारजण जातात, म्हणून १७ नवे टिकायला हवेत, आणि त्यासाठी २३ जण घ्यावे लागतात. विभाग जितका झपाट्याने वाढतो तितका नवागतांचा वाटा वाढतो आणि एकूण गळतीही वाढते, म्हणून गेल्या वर्षीचा एकच दर लावणे धोक्याचे आहे. दोन्ही गटांची नोंद वेगळी ठेवणे हाच यावरचा खात्रीचा उपाय होय.

आणखी एक चूक आधारभूत आकड्यात असते. गेल्या वर्षीचे काम अनेकदा निकाली काढलेल्या प्रकरणांवरून मोजले जाते. माणसे कमी होती म्हणून जी प्रकरणे पडून राहिली ती या मोजणीत येत नाहीत आणि तुटवडा पुढील वर्षाच्या अंदाजातही कायम राहतो. आवक प्रकरणे मोजावीत आणि वर्षारंभीची शिल्लक त्यांत मिळवावी. शिल्लक प्रकरणांचे सरासरी वय महिन्यागणिक वाढत असेल, तर आवक कमी धरली गेली आहे किंवा ४० मिनिटांचा अंदाज तोकडा आहे.

वेळापत्रकही मागे मोजत यावे लागते. मंजुरी आणि मुलाखतींना दोन महिने, निवडलेल्याच्या आधीच्या नोकरीतील नोटिशीला अनेकदा तीन महिने आणि काम शिकायला तीन महिने धरले, तर मार्चच्या आरंभी पूर्ण क्षमतेने काम करणाऱ्या माणसाची मागणी जुलैच्या आरंभीच नोंदवावी लागते.