ऑर्डरमधला पदार्थ आलाच नाही? ॲपवरून परतावा असा मागा

मुलगा मुंबईहून रत्नागिरीतल्या आईवडिलांसाठी ॲपवर जेवण मागवतो. पिशवी घरी पोचते, पण कोळंबी फ्राय आत नसते. तक्रार करायची कुणी? ज्याच्या खात्यावरून ऑर्डर गेली, त्यानेच. घरच्यांनी हॉटेलला फोन केला तर हॉटेलवाला फारतर चूक कबूल करील. पैसे ॲपने घेतलेले असतात, त्यामुळे परतावाही तिथूनच निघतो.

कागदपत्रं म्हणाल तर फोटो, एवढंच. घरच्यांनी ताटं वाढायच्या आधी सगळे डबे ओट्यावर शेजारी शेजारी मांडून एक फोटो काढावा आणि पिशवीवर चिकटवलेल्या बिलाचा दुसरा. सील फाटलेलं असेल तर त्याचाही. अर्धं जेवण झाल्यावर काढलेल्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही.

मग मुलाने ॲपमध्ये ती ऑर्डर उघडून ‘हेल्प’मध्ये जावं, कारण निवडावं, पदार्थावर खूण करावी, फोटो जोडावेत. इथे कारण चुकतं. कोळंबीऐवजी बांगडा आला असेल तर ‘पदार्थ मिळाला नाही’ नव्हे, ‘चुकीचा पदार्थ’ निवडायचं. नाहीतर फोटोत डबे पुरेसे दिसतात आणि तक्रार फेटाळली जाते. चुकून आलेला डबा निकाल लागेपर्यंत उघडू नये. आणि हे सगळं त्याच वेळी उरकावं. ऑर्डर जुनी झाली की तक्रारीचा पर्यायच दिसेनासा होतो.

रक्कम कमी आली म्हणून बरेच जण चिडतात, पण हिशोब बघा. सुरमई थाळी 400 आणि कोळंबी 200, मिळून 600. कुपनाने 120 कमी झाले. त्यातला कोळंबीच्या वाट्याचा भाग 40. उरले 160, त्यावर 5 टक्के जीएसटीचे 8. म्हणजे 168 रुपये. बाकीचं जेवण पोचलेलं असल्याने डिलिव्हरीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

परतावा कुठे हवा हे विचारलं तर घाईत ॲपचं वॉलेट निवडू नका. गावाकडे महिन्यातून एकदाच मागवत असाल तर पैसे तिथे अडकून राहतात. मूळ खात्यात यायला थोडे दिवस जास्त लागले तरी चालतील.

नकार आला तर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ऑर्डर क्रमांकासह ईमेल करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. तरीही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ॲपचा ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामटे बसलेले असतात. परतावा घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कुणी मागितला तर सरळ फोन ठेवा.